कूलर, बर्फाची लादी आणि चार वाक्यं

"सर, कूलरच्या टाकीत बर्फाची लादी टाकली तं खोली जास्त थंडी व्हाले पाह्यजे ना? आमच्याकडं तं चिकचिक वाढली. काऊन? चार वाक्यात सांगा, बाबाले दाखवाचं हाय."

प्रश्न अकोल्याच्या बारावीतल्या पोराचा. मी अमरावतीचा, दोन्हीकडच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. उन्हाच्या बाबतीत आमच्या दोन गावांत एक मूक चुरस आहे. पारा ४५ च्या वर गेला की अकोलेकर तक्रार करतो, पण तक्रारीत थोडा तोराही असतो. आणि अमरावतीचा पारा दोन अंश मागे राहिला तर आम्हाला उगाच कमीपणा वाटतो. २०२४ च्या मे महिन्यात तर अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लागलं. खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, असा हुकूम निघाला. अशा गावात कूलरचा प्रश्न फिजिक्सचा राहत नाही, घरगुती राजकारणाचा होतो.

मी चार वाक्यं लिहून दिली. एक, पाणी सुकताना त्याला उष्णता लागते आणि ती ते हवेतूनच उचलतं, म्हणून हवा थंड होते. दोन, हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त सुकतं. तीन, थंडावा पाण्याच्या सुकण्यातून येतो, पाणी आधी थंड होतं की कोमट याला फारशी किंमत नाही. चार, ओली झालेली हवा बाहेर जायला वाट ठेवा.

पेपरात याला दोन मार्क मिळाले असते. पण बाबा बोर्डाचे परीक्षक नव्हते. संध्याकाळी उलटा निरोप आला : "बाबा म्हनतात, बर्फ थंडा असते हे तुमच्या सराले माईत हाय का?"

आता आकडे काढणं भाग होतं. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. एक लिटर पाणी सुकताना मात्र सुमारे ५८० घेतं. बाबांची लादी पाच किलोची. ती वितळायला ४००, मग ते पाणी शून्यावरून २४ अंशांपर्यंत यायला आणखी १२०, झाले ५२०. म्हणजे अख्खी लादी मिळूनही एक लिटर पाण्याच्या सुकण्याची बरोबरी होत नाही. मे महिन्यात खिडकीतला साधा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज सुकवतो. त्या हिशोबानं बाबा भर उन्हात स्कूटरच्या पायदानावर लादी ठेवून आणतात, ती सहा मिनिटांच्या थंडाव्यासाठी. पिण्याच्या पाण्यात टाकली असती तर निदान पाहुण्यांनी नाव काढलं असतं.

आणि चिकचिक? ती बर्फानं केलीच नव्हती. एवढा महागाचा थंडावा वाया जाऊ नये म्हणून आजीनं दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला आणि मागची खिडकीही बंद केली. मेमधली वऱ्हाडाची हवा म्हणजे दुपारची रिकामी एसटी. पाण्याचा प्रत्येक थेंब चढतो आणि ऐसपैस बसतो. पण दार लावलं की आतली गाडी सुटतच नाही. तीच हवा कोंडून राहते, भरत जाते, आणि शेवटी घामाच्या थेंबालाही जागा उरत नाही. कूलर आत ढकलतो तेवढी हवा दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी समोरची खिडकी वीतभर तरी उघडी हवी. कूलरचं तोंड घरात असलं तरी पाठ बाहेरच हवी, म्हणजे तो सतत नवी कोरडी हवा ओढतो. आजीला हे पटेना. पैसे देऊन थंड केलेली हवा खिडकीतून सोडून द्यायची, हा सल्ला तिला माझ्या पगाराबद्दल शंका घ्यायला पुरेसा वाटला.

मग मी पोराला प्रयोग दिला. शाळेतला तापमापक घे, सावलीत आकडा पाह्य, मग त्याच्या फुग्याला ओल्या सुती चिंधीची टोपी घाल आणि पंख्यासमोर धर. दुपारी तीनला त्याचे आकडे आले : कोरडा ४४, ओला २४. पुस्तकात यालाच कोरडा फुगा आणि ओला फुगा म्हणतात. पोरं ते पाठ करतात आणि कूलरसमोर बसून पाठ करतात, तरी दोघांची ओळख होत नाही. तो ओला आकडा म्हणजे कूलरची लक्ष्मणरेषा. नुसतं पाणी सुकवून हवा त्याच्या खाली जात नाही. चांगल्या ताट्यांचा कूलर या दोन आकड्यांमधलं अंतर साधारण तीन-चतुर्थांश कापतो. अंतर २० अंशांचं, कापलं १५, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २९. पोरानं तिथे तापमापक धरला आणि ३० निघाले. वऱ्हाडात एवढं जुळलं की आपण त्याला बरोबरच म्हणतो.

जुलैत हेच करून पाहायला सांगितलंय. समजा तेव्हा कोरडा ३२ आणि ओला २९ अशी जोडी भेटली. तीनच अंशांचं अंतर, त्याचा तीन-चतुर्थांश म्हणजे सव्वादोन. मग कूलर फक्त आवाज करतो. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या मावशीकडे आपला जुना कूलर पाठवायचा विचार या घरात चालू होता, तो या हिशोबानं थांबला. मावशीचं काय म्हणणं पडलं ते मला कळवण्यात आलेलं नाही.

एवढ्यावर आटपलं असतं. पण पोरानं जाता जाता सांगितलं की एका ताटीवर पांढरे चट्टे आलेत आणि त्या बाजूनं गरम हवा येते. घरात बोअरचं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. जमिनीखालचं पाणी खारं. पाणी सुकतं, क्षार सुकत नाहीत, ते मागेच राहतात. लिटरमागे दोन ग्रॅम क्षार धरले आणि दिवसाला ५० लिटर पाणी सुकलं, तर रोज १०० ग्रॅम. दहा दिवसांत टाकीत आणि ताट्यांवर मिळून एक किलो. क्षारांनी गवताचा थर कडक होतो, वरच्या नळीची भोकं बुजतात, मग पाणी ठरावीक रेघांनीच उतरतं आणि मधला पट्टा कोरडा राहतो. त्या कोरड्या पट्ट्यातून लू सरळ घरात शिरते. ओळखायला सोपं : कूलर चालू असताना ताटीवर बाहेरून हात फिरवा, जिथे गवत कडक आणि कोरडं लागेल तिथे दगा. उपाय म्हणजे टाकीत नुसती भर घालत न बसता आठवड्यातून दोनदा ती पुरती रिकामी करायची, नळीची भोकं टाचणीनं मोकळी करायची, ताट्या नुसत्या पाण्यानं खालवर धुवायच्या आणि फारच कडक झाल्या तर बदलायच्या. काढलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार दाटलेले असतात, संडासात टाका.

हे मी फोनवर सांगत होतो आणि फोन स्पीकरवर होता. ज्या घरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि बोअर उन्हाळ्यात उचक्या देते, त्या घराला मी टाकीभर पाणी फेकायला सांगत होतो, तेही आठवड्यातून दोनदा, तेही मे महिन्यात. पलीकडे थोडा वेळ नुसती कूलरची घरघर ऐकू आली. मग बाबांचा आवाज, अगदी आदरानं :

"सर, तुमी बर्फाचं म्हना, ते मी आइकतो. पाण्याचं नोका सांगू."