दाजींची ड्यूटी

1999 साली दोडामार्ग सावंतवाडीतून निघून स्वतंत्र तालुका झाला. तालुक्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर बदलीची माणसं आली, त्यांच्यासाठी भाड्याचे फ्लॅट उठले आणि फ्लॅटच्या जिन्याखाली दाजी येऊन बसले. दाजी हे काही एकाच माणसाचं नाव नव्हे. बाजारपेठेपासून जरा आत वळून कुठल्याही तीन मजली बिल्डिंगमध्ये डोकावा. मीटरच्या पेटीखाली प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर साठीच्या आसपासचा गृहस्थ, वर खाकी शर्ट आणि खाली लुंगी. शर्टापुरते ते वॉचमन, लुंगीपुरते बागायतदार. काजूची पाच-पंचवीस झाडं, थोड्या पोफळी, गोव्यात नोकरीला जाणारा मुलगा आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून धरलेली ही नोकरी.

आमच्या बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं. सचिव बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदावर नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी दाजींच्या कामाचं वेळापत्रक टाइप करून, लॅमिनेट करून मीटरच्या पेटीवर लावलं. पहाटे 5.30 ला गेट उघडणे. 6.00 ला जिना व आवार झाडणे. 6.30 ते 7.15 पाण्याचा पंप. 8.00 ला घंटागाडीकडे कचरा देणे. दुपारी ‘सर्वसाधारण देखरेख’. संध्याकाळी 6.30 ला दिवे, रात्री 11 ला गेटला कुलूप आणि त्यानंतर ‘रात्रौ दर दोन तासांनी फेरी’. शेवटी एक ओळ होती : ‘तसेच सचिव सांगतील ती इतर कामे’. सगळी बिल्डिंग त्या एका ओळीवर चालते. सिलिंडर वर चढवणं, पहिल्या मजल्यावरच्या बाईंची किल्ली सांभाळणं, पार्किंगमध्ये फुरसं निघालं तर काठी घेऊन पुढे होणं, हे सगळं ‘इतर’.

दाजींनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, “ह्या कागदार माझी झोप खंय लिवल्यात?”

प्रश्न बिनतोड होता. पहाटे साडेपाच ते रात्री अकरा म्हणजे साडेसतरा तास, वर फेऱ्या. तळमजल्यावरच्या मास्तरांनी आठवण करून दिली, की महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. “आपण दुकान थोडेच आहोत?” असं सचिव म्हणाले आणि सभा चहावर संपली.

दाजींनी वेळापत्रक मोडलं नाही, तसं ते पाळलंही नाही. गेट ते साडेपाचला नव्हे, पाचलाच उघडतात, कारण म्हापसा-डिचोलीला कामाला जाणाऱ्या पोरांच्या मोटरसायकली त्याच सुमाराला सुटतात. रात्रीच्या फेऱ्या मात्र ते खुर्चीत बसूनच मारतात. कुत्रा कुठल्या सुरात भुंकतो त्यावरून चोर की नुसतं मांजर, हे त्यांना कळतं, असं त्यांचं म्हणणं. ते खोडून काढायला अजून चोर आलेला नाही. अभ्यागतांच्या वहीत नाव, गाडी नंबर, वेळ असे रकाने आहेत. दाजींच्या नोंदी अशा : ‘पाचातल्यांचो मेवणो. गोव्याची गाडी. पिशयेत बाटल्यो. वळखीचो.’ पोलिसांना याहून जास्त काय हवं असतं?

खरं भांडण पंपावरून झालं. आमच्याकडे तळाच्या टाकीतून गच्चीवरच्या 5,000 लिटरच्या टाकीत पाणी चढवायला एक हॉर्सपॉवरचा पंप आहे. सगळं ठीक असलं तर पाऊण तासात टाकी भरते, म्हणजे सचिवांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण हे ‘सगळं ठीक’ घड्याळाच्या हातात नाही. दाजी साडेसहाला लाइट आहे का ते बघत, मग खालच्या टाकीत काठी घालून पाणी किती ते बघत, मग बटण दाबत आणि लगेच वर जाणाऱ्या पाइपावर तळहात ठेवत. पाणी चढत असलं तर पाइप गार लागतो आणि हाताला भरीव थरथर जाणवते. पंप नुसताच फिरत असला तर आवाज हलका, चढा होतो आणि थोड्या वेळात पंपाचं अंग तापू लागतं. व्होल्टेज कमी असलं तर मोटर फिरतच नाही, नुसती गुणगुणते. तेव्हा क्षणात बंद करायची, नाहीतर वाइंडिंग जळतं. सचिवांच्या लेखी हा सगळा वेळकाढूपणा.

मग एप्रिल आला आणि काजूचा हंगाम. “आज काजी पुंजावक व्हये” म्हणून दाजींनी सुट्टी टाकली. त्याच्या आदल्या वेळची सुट्टी हत्तींच्या नावावर होती. 2002 पासून कर्नाटकातून तिलारीच्या खोऱ्यात हत्ती येऊ लागले, त्यामुळे केळीच्या बागेत रात्री राखण करायला जायचं हे इथे खोटं कारण ठरत नाही. वेळापत्रक सचिवांनी स्वतः हातात घेतलं. 6.30 ला पंप सुरू, 7.15 ला बंद, मिनिटाचाही फरक नाही. आठ वाजता तिसऱ्या मजल्यावरून पहिली हाक आली, साडेआठला सगळ्याच मजल्यांवरून.

दुपारी दाजी आले, हाताला काजूच्या बोंडांचा वास तसाच. पंपाजवळ वाकले. पंपात पाणी ओतून पाहिलं, तर ते शाफ्टकडून ठिबकू लागलं. त्यांनी तळाच्या टाकीत सोडलेला पाइप वर ओढला. त्याच्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये फणसाच्या पानाचा तुकडा अडकला होता. त्यामुळे व्हॉल्व्ह नीट मिटला नाही, पाइपातलं पाणी रात्रभरात खाली उतरलं आणि सकाळी पंपाने पाण्याऐवजी हवा ओढली. कोरडा पंप पाऊण तास फिरला आणि आतलं सील भाजलं, कारण त्या सीलला गार ठेवणारं पाणीच आत नव्हतं. दाजी असते तर पाइपावर हात ठेवताच त्यांनी पंप बंद केला असता. मग पान काढलं असतं, तोंडाचा बूच खोलून तांब्याने पंप काठोकाठ भरला असता आणि परत चालू केला असता. आता मेकॅनिक आला, सील बदललं आणि बारा बिऱ्हाडांनी दोन दिवस बादल्या वाहिल्या. सचिव जिन्यात दाजींना म्हणाले, “पण मी वेळ पाळली होती.” दाजी म्हणाले, “व्हय तर. पंपाक घड्याळ खंय कळता?”

मेच्या अखेरीला कागद नव्याने टाइप झाला, यावेळी दाजींनी सांगायचं आणि सचिवांनी लिहायचं. पंपापुढची वेळ गेली, तिथे ‘लाइट आल्यावर, खालची टाकी बघून’ असं आलं. पावसाळ्यासाठी रोज गच्चीवरच्या पन्हळीची जाळी साफ करणं आणि शेवाळ धरणाऱ्या पायऱ्यांवर आठवड्याला ब्लीचिंग पावडर मारणं ही दोन कामं वाढली, कारण जाळीत पानं साचली की गच्चीवर तळं होतं आणि पाणी तिसऱ्या मजल्याच्या छतातून उतरतं. दुपारी एक ते चार विश्रांती. रात्री दहानंतर गेटची किल्ली ज्याची त्याच्याकडे. आठवड्याला एक सुट्टी, काजूच्या दिवसांत दोन. ‘इतर कामे’ ही ओळ सचिवांनी हट्टाने ठेवली. तिच्याखाली दाजींनी पेनने लिहिलं : ‘विचारून’.

सुट्टीच्या दिवसासाठी बदली माणूस मात्र अजून मिळालेला नाही. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर पाठवा. झाडू, वही, शिट्टी इथे मिळेल. पाइपावर हात ठेवून पाणी चढतंय की नाही, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे.