मामा, यमक जुळतंय का बघा

आमच्या घरात लग्न निघालं की उखाणे करून द्यायचं काम माझ्याकडे येतं. जळगावला नवऱ्याच्या नावाला यमक जुळवून देणारा माणूस म्हणून माझी थोडीफार वट आहे. एवढ्या पुण्याईवर धुळ्याच्या भाच्याने मला थेट व्हॅलेन्सियाहून फोन केला. तिथे तो शिकायला गेलाय, स्पॅनिश शिकायला लागून सहा महिने झालेत. घरमालकीणबाईंची सत्तरी होती आणि त्याला कार्डावर चार ओळी लिहायच्या होत्या. "मामा, तुम्हाला स्पॅनिश येत नाही हे मला माहीत आहे. पण यमक तर येतं ना?"

पहिल्या खर्ड्यात त्याने 'दीआ' म्हणजे दिवस आणि 'फामीलिआ' म्हणजे कुटुंब यांचं यमक केलं होतं. शेवटची अक्षरं सारखीच दिसतात, आपल्याकडे कोणीही मान डोलावली असती. पण स्पॅनिशमध्ये यमक शेवटच्या अक्षरावरून धरत नाहीत. शब्दातल्या ज्या स्वरावर आघात पडतो, तिथपासून पुढचं सगळं जुळावं लागतं. 'दीआ'त आघात 'दी'वर आहे, म्हणून 'ईआ' असं दोन तुकड्यांत ऐकू येतं. 'फामीलिआ'त तो 'मी'वर पडतो आणि शेवटचं 'लिआ' एका दमात संपतं. ओळखायची खूण सोपी आहे : लिहिताना 'दीआ'च्या 'ई'वर तिरकी रेघ असते, 'फामीलिआ'त नसते. डोळ्याला पटलेलं यमक कानाला पटेलच असं नाही, हे मी आमच्याच एका विहीणबाईंच्या उखाण्यात शिकलो होतो. तो किस्सा राहू द्या.

त्याहून मोठा घोळ दुसऱ्या ओळीत होता. वर्षांना स्पॅनिशमध्ये 'आन्योस' म्हणतात, त्यातल्या 'न'च्या डोक्यावर एक छोटी लाट असते. भाच्याच्या मोबाइलच्या कीबोर्डला ती लाट सापडली नव्हती. लाटेशिवाय तो शब्द 'आनोस' होतो आणि बाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली याऐवजी शरीराच्या एका भलत्याच भागाची सत्तरी साजरी होते. त्यात तो भाग प्रत्येकाला एकच असतो. मी भाच्याला म्हटलं, "बाबा, वयाचा उल्लेखच टाळ. बाईंचं वय लिहायचं नसतं, ते धुळ्यातही आणि तिकडेही."

मग आम्ही ठरवलं की क्रियापद एकच ठेवायचं, तेही सगळ्यात सोपं. बाकी नामं. नवख्याचे पाय क्रियापदात अडकतात, फुलं आणि कॉफी लिहिताना कोणी पडत नाही. ओळी आठ अक्षरांच्या घ्यायच्या, कारण तिकडच्या लोकगीतांचा ठेका तोच आहे. आपल्या अष्टाक्षरीला ओळखीचा वाटेल. फरक मोजण्यात आहे. एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला, तर दोन्ही मिळून एकच अक्षर धरतात. 'पारा उस्तेद' डोळ्यांना चार दिसतं, तोंडात 'पा-राउस्-तेद' असं तीनच होतं. ओळीचा शेवटचा शब्द शेवटच्याच अक्षरावर आघात घेऊन संपला, तर मात्र मोजणीत एक वाढवायचं.

फोन लावून, बोटांवर मोजत, चहा गार करत शेवटी हे जमलं :

पारा उस्तेद, एन एस्ते दीआ,
फ्लोरेस, काफे ई आलेग्रीआ;
वान कोन तोदो मी कारीन्यो
ई मी माला ओर्तोग्राफीआ.

म्हणजे, तुमच्यासाठी आजच्या दिवशी फुलं, कॉफी आणि आनंद. सोबत माझी सगळी माया आणि माझं वाईट शुद्धलेखन. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ 'ईआ'वर संपते, तिसरी मोकळी सोडली. मोकळी ओळ चालते, लोकगीतात तर नुसते स्वर जुळले तरी चालतात, ही सवलत नवख्याने जरूर घ्यावी.

आमच्या असोद्याच्या बहिणाबाईंना (1880-1951) शुद्धलेखनाची चिंताच नव्हती. त्यांना लिहिता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, त्यांचे शब्द उतरवून घेतले, आणि पुस्तक 1952 साली आलं. भाच्याला असा सोपानदेव कुठून मिळणार? 'कारीन्यो'तही ती लाट आहेच. "मामा, चुकीचं लिहून ठेवू का? ओळीला शोभेल," तो म्हणाला. मी सरळ नाही म्हणालो. वाईट शुद्धलेखनाचा विनोद शुद्ध लिहूनच करावा, नाहीतर तो कबुलीजबाब होतो.

त्याने लाट घातली, 'काफे'ची रेघ घातली, 'आलेग्रीआ'ची आणि 'ओर्तोग्राफीआ'चीही घातली. कार्ड बाईंनी फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला : पहिल्या ओळीतल्या 'दीआ'वर लाल पेनाने एक रेघ मारलेली होती.