गौरी आणि सेकंड शिफ्ट

आमच्या मानपुरातली बरीच तरणी मंडळी पीथमपूरच्या कारखान्यांत जातात. कुणी पहाटे निघतं, कुणी जेवून दुपारी, कुणी रात्री सगळे झोपायला लागले की. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे अर्ज लिहून देण्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. अर्ज हिंदीत लिहायचा, त्याच्यावर खल मराठीत करायचा आणि साहेबाला शिव्या माळवीत घालायच्या, अशी आमची वाटणी आहे.

परवा पुतण्या आला. ‘काका, तीन दिवसांची रजा लिहून द्या. महालक्ष्म्या आहेत.’ गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्याच म्हणतात. गुरुवारी आवाहन, शुक्रवारी पूजा, शनिवारी विसर्जन. आणि नेमका त्या आठवड्यात हा सेकंडला, म्हणजे दुपारी 2 ते रात्री 10. आवाहनाची, पुरणाच्या नैवेद्याची, विसर्जनाची, सगळी वेळ बरोबर त्याच्या शिफ्टमध्ये. रजा विचारली तर शिल्लक एकच. बाकीच्या बहिणीच्या लग्नात संपल्या.

‘मग बाकीच्या दोन दिवसांची अदलाबदल करून घे,’ मी म्हणालो.

‘केलीय ना! पहिल्या शिफ्टवाल्या दोस्ताशी गुरुवार आणि शनिवार, दोन्ही बोलून ठेवलेत.’

मी कागद घेतला आणि त्याला रेघा मारायला लावल्या. अदलाबदलीत प्रत्येक जण आपलीच बाजू बघतो, आणि घोळ तिथेच होतो. बुधवारी रात्री 10 ला हा सुटणार. बसने घरी येऊन दोन घास खाईपर्यंत साडेअकरा. गुरुवारी फर्स्ट म्हणजे सकाळी 6 ला मशीनवर, म्हणून पहाटे साडेचारला उठायचं. हे झालं आपलं. आता दोस्ताचं बघ. तो गुरुवारी तुझी सेकंड करून रात्री 10 ला सुटेल आणि शुक्रवारी पहाटे पुन्हा फर्स्टला उभा राहील. म्हणजे एका अदलाबदलीत दोन माणसांची झोप मोडली, आणि दोघेही लेथवर. सुपरवायझर हे एका नजरेत ओळखतो. ‘दुसऱ्या दिवशी हा ताजा कसा राहील?’ एवढंच तो विचारेल, आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

शनिवारची अदलाबदल मात्र झकास होती. शुक्रवारी रजा असल्यामुळे पुतण्या झोपून शनिवारी फर्स्टला जाणार, दुपारी 2 ला सुटून विसर्जनाला हजर. दोस्त शुक्रवारी दुपारी सुटलेला, तो शनिवारी दुपारी सेकंडला येणार, आणि रविवारी दोघांनाही सुट्टी. तीच दोन माणसं, त्याच दोन शिफ्ट, फक्त वार बदलला तर एक सौदा बिघडतो आणि दुसरा जमतो.

मग गुरुवारसाठी नाइटवाला गाठला. तो बुधवारची नाइट करून गुरुवारी सकाळी 6 ला सुटतो. त्याला आठ तासांनी, दुपारी 2 ला परत यावं लागणार, हे कष्ट खरेच. पण तो सुटणार गुरुवारी रात्री 10 ला, आणि त्याची पुढची नाइट शुक्रवारी रात्री 10 ला. मधली एक अख्खी रात्र बायकोमुलांत. नाइटवाल्याला तुम्ही रात्र देऊ केलीत तर तो सहसा नाही म्हणत नाही. आपला गडी गुरुवारी दिवसभर घरी राहून, संध्याकाळी महालक्ष्म्या घरात घेऊन, रात्री कामावर जाणार. शुक्रवारी सकाळी परत येऊन हळदीकुंकवाच्या बायका येईपर्यंत माजघरात घोरणार. वहिनींनी त्याला मंजुरी दिली; ती साहेबापेक्षा अवघड होती.

तरी एक गोष्ट राहिली. मी म्हटलं, नाइटवाल्याला तुझं मशीन येतं का? त्यांच्या शॉपमध्ये भिंतीवर एक तक्ता असतो, स्किल मॅट्रिक्स म्हणतात. आडवी मशीनं, उभी माणसं, आणि प्रत्येक चौकोनात एक गोल. पाव भरलेला म्हणजे शिकतोय, पूर्ण काळा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. पुतण्याच्या लेथसमोर नाइटवाल्याचा गोल पाऊण भरलेला निघाला. चाललं. पाव असता तर सगळा हिशेब पाण्यात, कारण साहेबाला माणूस नको असतो, त्या मशीनवर चालणारे हात हवे असतात.

काही पोरं याहून सोपा मार्ग काढतात. ‘तू माझी मार, मी तुझी मारीन,’ म्हणजे सलग दोन शिफ्ट. डबल. ही अदलाबदल नव्हे. सोळा तास उभा राहिलेला माणूस कुणाच्याच फायद्याचा नाही, आणि साहेबाने कागदावर सही केली तर ओव्हरटाइमच्या दुप्पट पगाराचा प्रश्न त्याच्याच गळ्यात. दुसरी पळवाट तोंडी बदलाबदलीची: मस्टरवर एक, मशीनवर दुसरा. कुणी कोणत्या वेळेत काम करायचं ते आधी लिहून लावायचं आणि त्याबाहेर कुणाला कामावर घ्यायचं नाही, हे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने सांगून ठेवलं होतं ते उगाच नाही. बोट गेलं तर दवाखान्याच्या कागदावर मशीनवरच्याचं नाव आणि मस्टरवर घरी झोपलेल्याचं. मग विम्याच्या साहेबांपुढे दोघांनीही उभं राहायचं.

आता फेड. हा भाग मला सगळ्यात आवडतो. पहिल्या शिफ्टचा दोस्त बिहारचा. त्याला छठची संध्याकाळ आणि पुढची पहाट हवी, मावळत्या आणि उगवत्या दोन्ही सूर्यांना अर्घ्य द्यायचं म्हणून. तारीख पंचांगात छापलेली, त्यामुळे सौदा पक्का. नाइटवाल्याला ईदची सकाळ हवी. तिथे पंचाईत, कारण ती चंद्रावर. शेवटी वहीत दोन्ही वार लिहिले: चंद्र दिसला तर हा, नाही दिसला तर तो. जानापावच्या कार्तिकी जत्रेची मागणीही कुणीतरी पुढे केली, पण त्या दिवशी गावातले सगळेच रांगेत, तिथे अदलाबदलीला माणूसच उरत नाही. इथे गौरी फक्त मराठी घरात बसतात, म्हणून आपला भाव चांगला. दिवाळीत आपणही भिकारी.

मग अर्ज लिहिला. पहिला कच्चा मसुदा पुतण्याचा होता: ‘घरी धार्मिक कार्यक्रम असल्यामुळे तीन दिवस रजा मिळावी.’ यात साहेबासाठी कामच काम आहे. आमचा असा झाला: ‘शुक्रवार, सेकंड शिफ्ट, एक दिवस रजा मिळावी. गुरुवारच्या सेकंड शिफ्टला माझ्या मशीनवर अमुक टोकन नंबरचा नाइट शिफ्टचा ऑपरेटर राहील, त्याच रात्रीची नाइट मी करीन. शनिवारच्या सेकंडला तमुक टोकन नंबरचा फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर, त्याची फर्स्ट मी करीन. दोघांची संमती सहीने खाली. यामुळे कुणालाही ओव्हरटाइम लागत नाही, कुणाचीही साप्ताहिक सुट्टी जात नाही.’ गौरींचा उल्लेख शेवटी, एका ओळीत. शुक्रवारी मशीनवर कोण, हे साहेबाने ठरवायचं. पण आता त्याच्यापुढे तीन भोकं नाहीत, एकच आहे. अर्ज पंधरा दिवस आधी दिला. सुपरवायझरने सही केली, आणि टाइम ऑफिसात दोन्ही बदल चढवून घेतले. हे शेवटचं काम पोरं विसरतात आणि मग पगाराच्या चिठ्ठीत दोन गैरहजेऱ्या निघतात.

तेव्हा ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि घरात कुणी सेकंडला आहे, त्यांनी माणसं श्रावणातच गाठावीत. भाद्रपद लागला की जो तो आपल्याच गणपतीच्या मागे असतो.