दीड मिनिटाचं स्वागत

भोर आणि वेल्ह्याकडे भातं झोडून झाली की शाळांची गॅदरिंगं सुरू होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, जवळपास रोज कुठल्या ना कुठल्या गावात मंडप असतो. नाच कोणते, पोशाख कुठून भाड्याने आणायचे, जेवणाचं काय, यावर शाळेत महिनाभर खल होतो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात मात्र स्वागताचं भाषण आदल्या संध्याकाळी पडतं. ते गुरुजींनी लिहिलेलं असतं आणि निम्म्याहून अधिक माणसांच्या नावांनी भरलेलं असतं. माझी तक्रार त्या नावांविरुद्ध आहे.

साधा हिशेब करू. मंचावर बारा जण बसलेत असं धरा. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, माजी विद्यार्थी, देणगीदार. प्रत्येकाचं पद, ‘सन्माननीय’, ‘माननीय’ आणि पूर्ण नाव धरलं तर माणशी दहा शब्द सहज होतात. म्हणजे एकशे वीस शब्द. शाळकरी मूल माईकवर नीट, कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात. भाषण सुरू होण्याआधीच सव्वा मिनिट गेलं. हीच बारा नावं मग प्रास्ताविकात येतात, सत्कारात येतात आणि शेवटी आभारात येतात. एकाच संध्याकाळी चार वेळा. त्यातलं फक्त सत्कारातलं नाव खऱ्या कामाचं, कारण तेव्हा तो माणूस उठून उभा राहतो आणि लोकांना चेहरा दिसतो. बाकी तीन वेळा मंडपातली माणसं शेजाऱ्याशी बोलत असतात.

हा वेळ येतो कुठून, तेही पाहा. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, हा नियम देशभर 2000 सालापासून आहे. कार्यक्रम साडेसहाचा ठरलेला असतो आणि सव्वासातला सुरू होतो. एक नाच तीन-चार मिनिटांचा. नावांच्या फेऱ्यांत पाच मिनिटं गेली की शेवटचा एक नाच कापला जातो आणि तो बहुतेक मोठ्या वर्गाचा असतो, कारण लहानांना आधी सोडलेलं असतं. सातवीच्या ज्या मुलींनी महिनाभर मधली सुट्टी घालवून तो बसवला, त्या पोशाख चढवून पडद्यामागे थंडीत उभ्याच राहतात. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते टाळता येतं.

स्वागत कुणाचं करायचं, हा खरा प्रश्न आहे. शिक्षण हक्काच्या 2009च्या कायद्यात सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं लिहिलंय. म्हणजे समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांमधल्या काही जणी शाळेच्या कारभारी आहेत. त्यांच्याकडे पाठ करून पाच मिनिटं मंचाशी बोलायचं हे मला पटत नाही. मुलीने आधी समोर बोलावं, मग मंचाकडे वळावं.

तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेसाठी मी लिहायला बसलो तर भाषण असं होईल. सातवीतल्या मुलीच्या तोंडी आहे:

‘नमस्कार! शेवटच्या रांगेपर्यंत आवाज येतोय का? येत असेल तर हात वर करा. अरे वा, सगळेच! आई-बाबा, आजी-आजोबा, आपल्या शाळेत तुमचं स्वागत. कुणी वस्तीवरून चालत आलात, कुणी पुण्याहून सुट्टी काढून आलात. आम्ही मघापासून पडद्याच्या फटीतून तुम्हालाच शोधत होतो. मंचावरच्या सर्व पाहुण्यांचंही मनापासून स्वागत. तुमची नावं घेऊन गुरुजी आता तुमचा सत्कार करणारच आहेत. आज पहिलीची मुलं आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर येतायत. कुणी मध्येच थांबलं, कुणी उलट्या बाजूला वळलं, कुणी आईला हाक मारली, तरी टाळ्या थांबवू नका. टाळ्या अशा वाजवा की वर तोरण्यावर ऐकू गेल्या पाहिजेत! तयार आहात? मग सत्कार झाला की पहिला नाच, पहिलीचा!’

हे साधारण नव्वद शब्द आहेत. हात वर करायला, हसायला, टाळ्यांना जागा सोडली तरी दीड मिनिटाच्या आत संपतं. पहिलं वाक्य मुद्दाम प्रश्न आहे. त्यातून दोन कामं होतात. माईक मागेपर्यंत पोचतोय की नाही हे साउंडवाल्याला कळतं आणि गप्पा मारणारी माणसं पहिल्यांदा स्टेजकडे बघतात. मूल घाबरलेलं असेल तर त्याला हात वर झालेले दिसतात आणि त्याचा श्वास जागेवर येतो. मग वस्ती आणि पुणे येतं. हे शब्द त्या गावचे आहेत आणि ते गावागणिक बदलायला हवेत. भोरच्या पश्चिमेच्या शाळेत मी भाटघरच्या पाण्याला वळसा घालून आलेल्या आजीचं नाव न घेता स्वागत करीन. वेळवंडीवरचं ते धरण 1920च्या दशकातलं आहे आणि तो वळसा तिथल्या माणसांच्या रोजच्या चालण्यात आहे. भोर गावातल्या शाळेत राजवाडा घेता येईल, नसरापूरला बनेश्वर. राजगडाखालच्या शाळेला तर सांगायला ताजी गोष्ट आहे, गड जुलै 2025मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. पण एवढं एकच घ्यावं. चार घेतली की तो भूगोलाचा धडा होतो.

मोबाईलवर शोधून उतरवलेल्या चारोळ्या आणि हिंदी शेर मी पहिल्या फटक्यात काढून टाकीन. तेच शब्द भोरला म्हटले काय नि भंडाऱ्याला म्हटले काय, ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही. मुलालाही त्यांचा अर्थ बहुधा ठाऊक नसतो आणि ते चालीवरून लगेच ओळखू येतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज एकाच जागी चढतो. स्वतःचं वाक्य बोलताना तसं होत नाही.

मग हे मुलीकडून लिहून कसं घ्यायचं? ‘स्वागतपर भाषण लिही’ म्हटलं की ती पुस्तकातलंच लिहिणार. तिला तीन गोष्टी विचाराव्यात. आज तुझ्या घरून कोण येणार आहे आणि ते कसे येणार? तालमीत सगळ्यात जास्त हसू कधी आलं? लोकांनी काय करावं असं तुला वाटतं? तिने तोंडी दिलेली उत्तरं गुरुजींनी तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत. भाषणाचा कच्चा मसुदा तिथेच तयार होतो. गुरुजींनी फक्त लांबी बघावी. घड्याळ लावून दीड मिनिटाच्या पुढे गेलं तर एक वाक्य काढावं, बोलण्याचा वेग वाढवू नये.

पाठांतराची एक खोड आहे. मूल घोकून घोकून एका साखळीत पाठ करतं आणि मधला एक शब्द निसटला की त्याला पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरुवात करावी लागते. डोळे मंडपाच्या छताकडे गेले की समजावं, साखळी तुटली. उपाय सोपा आहे. तालमीत तिला मधल्याच कुठल्याही वाक्यापासून सुरू करायला सांगावं. ‘पहिलीच्या मुलांपासून बोल,’ ‘आता पाहुण्यांपासून.’ हे तिला चार-पाच वेळा जमलं की अडखळली तरी ती पुढच्या वाक्यावर उडी मारते आणि खाली कुणाला पत्ताही लागत नाही. हातात तळहाताएवढा पुठ्ठा द्यावा. त्यावर प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द मोठ्या अक्षरात, बस. पूर्ण भाषणाचा कागद दिला की मूल खाली मान घालून वाचतं आणि आवाज माईकऐवजी कागदात जातो.

माईकचं सांगतो, कारण निम्मी भाषणं तिथे बुडतात. स्टँड गुरुजींच्या उंचीला लावलेला असतो आणि मुलगी चवड्यांवर उभी राहून बोलते. तिच्या उंचीला तो आधीच उतरवून ठेवावा. तोंड आणि माईक यांत चार बोटांचं अंतर पुरतं. त्याहून जवळ गेलं की ‘प’ आणि ‘भ’ला फटकारा येतो, लांब गेलं की साउंडवाला आवाज चढवतो आणि शिट्टी सुरू होते. माईक हातात असेल तर मोठ्या बॉक्सच्या समोर जायचं नाही, कारण शिट्टी तिथेच पकडते. आणि चाचणी त्या मुलीच्या आवाजावर घ्यावी. मोठ्या माणसाने ‘हॅलो, हॅलो’ करून बसवलेला आवाज बारा वर्षांच्या गळ्याला लागू पडत नाही.

एक संकट मात्र मुलीच्या हातात नाही. प्रमुख पाहुणे भाषणाच्या मध्येच येतात. मंचावरचे सगळे उठतात, कुणीतरी हाताने ‘थांब’ म्हणतं आणि मुलगी माईक धरून तशीच उभी राहते. मग तिला पुन्हा सुरुवातीपासून बोलायला लावतात. दुसऱ्या वेळी त्या भाषणात जीव नसतो, कारण हसण्याच्या जागा लोकांना आता ठाऊक असतात. हे आधी ठरवून ठेवावं. पाहुणे आले तर तिने एवढंच म्हणावं, ‘आपले पाहुणे आले, या, तुमचंही स्वागत!’ आणि जिथे होती तिथून पुढे जावं. स्वागत लोक बसले की सुरू करायचं, पाहुण्यांची गाडी आल्यावर नव्हे. वस्तीवरची माणसं वेळेवर आलेली असतात आणि त्यांना रात्री परत डोंगर चढायचा असतो.

गुरुजी म्हणतील, नाव घेतलं नाही तर पाहुणे रागावतात. एखादे रागावतीलही. त्यांचं नाव सत्काराच्या वेळी मुख्याध्यापकांनी स्वतःच्या तोंडाने, पदासकट, नीट उच्चारून घ्यावं. त्यात मान जास्त आहे. बारा वर्षांच्या पोरीकडून आडनाव चुकलं की पाहुण्यांचाही अपमान होतो आणि बोलणी तिला बसतात.

यंदा भोर-वेल्ह्यातल्या ज्या शाळांची गॅदरिंगं अजून व्हायची आहेत, त्यांच्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: नावांची यादी तुमच्याकडे ठेवा आणि दीड मिनिट त्या मुलीला द्या.