कितीला पडला?

नांदेडात फ्लॅट घेतला ही बातमी आमच्याआधी देगलूरला पोचली. तेव्हापासून गल्लीत भेटेल तो एकच विचारतो, "सर, कितीला पडला?" आधी मी छाती काढून सांगायचो, "अठ्ठावीसला." बिल्डर तीस म्हणत होता, दोन लाख मी घासाघीस करून तोडले होते.

ही ऐट दस्तलेखकाच्या टेबलापर्यंतच टिकली. तो म्हणाला, "साहेब, तुमचं अठ्ठावीस असंल, पण रेडी रेकनरनं हा फ्लॅट तीसचा हाय." मुद्रांक शुल्क या दोन्हींपैकी जो आकडा जास्त, त्यावर लागतं. म्हणजे माझी घासाघीस बिल्डरला ऐकू गेली, सरकारला नाही. महापालिकेच्या हद्दीत सहा टक्के, तीस लाखांवर १ लाख ८० हजार. नोंदणी फी एक टक्का, मात्र ३० हजारांच्या वर जात नाही. आमची नेमकी त्या रेषेवर जाऊन बसली.

दस्तलेखकानंच मग तोड काढली. एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट. दोघांची नावं घातली की सूट गेली. ३० हजारांसाठी मी मालकी सोडली. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर घेतल्यामुळं जीएसटी लागला नाही, एवढंच काय ते माझं शहाणपण.

ताबा घेताना बिल्डरच्या माणसानं दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ मागितला. महिना दीड हजार, म्हणजे ३६ हजार. "सोसायटी झाली की हिशोब तिच्याकडं जाईल," म्हणाला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत मला एक मजेची गोष्ट सापडली: पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार बघून वाटायचा. त्या संध्याकाळी मी घरातले नळ मोजले. नऊ निघाले. देगलूरच्या वाड्यात एक होता, त्यालाही रोज पाणी नव्हतं.

रिकाम्या फ्लॅटला बाकी सगळं असतं, फक्त राहण्यासारखं काही नसतं. ग्रिल, जाळीचं दार, पंखे, गिझर. पडदे तरी जुनेच लावू म्हणून हिनं वाड्यातले धुऊन, इस्त्री करून आणले. लावले, तर खिडकी खालून दीड फूट उघडीच राहिली. समोरच्या फ्लॅटमधून आमचे फक्त पाय दिसायचे. चार दिवस आम्ही पायांनीच संसार केला, मग नवीन पडदे शिवले.

परवा मेहुणे आले, चहा घेताघेता त्यांनी विचारलं, "दाजी, कितीला पडला?" मी हिच्याकडं बोट केलं. मालकीण ती.

तुम्ही घेणार असाल तर विसार देण्याआधी दोन कागद बघा: त्या इमारतीचा रेडी रेकनरचा दर आणि तिथं राहणाऱ्या कुणाची तरी मेंटेनन्सची पावती. आणि खिडक्यांची मापं घेऊन या.