बुधवारचा दुसरा

घोडे पंचवीस. मैदान असं की एका वेळी पाचच पळू शकतात. घड्याळ कुणाकडेही नाही. एवढ्या भांडवलावर सर्वांत वेगवान तीन घोडे शोधायचे, क्रमासकट, आणि तेही कमीत कमी शर्यतींत. नोकरीच्या मुलाखतीत हे कोडं इतक्यांदा विचारलं गेलंय की उभ्या जन्मात घोड्याच्या पाठीला हात न लावलेली कितीतरी मुलं घोड्यांच्याच कृपेने संगणकाच्या कंपन्यांत चिकटली असतील.

घड्याळ काढून घेतलं, हा यातला खरा डाव आहे. घड्याळ असतं तर प्रश्नच उरला नसता. पाच शर्यती लावायच्या, वेळा कागदावर टिपायच्या आणि घरी जायचं. घड्याळ नाही म्हणजे ‘हा घोडा किती वेगवान?’ हे विचारायची सोयच नाही. ‘हा कुणाच्या पुढे आला आणि कुणाच्या मागे?’ एवढंच विचारता येतं. आणखी दोन गोष्टी मुकाट्याने गृहीत धरायच्या: जो घोडा आज दुसऱ्याला हरवतो तो उद्याही हरवतो, आणि कुठलेही दोन घोडे बरोबरीत सुटत नाहीत.

पहिल्या पाच शर्यतींबद्दल कुणाचं भांडण नाही. पाच-पाचांचे पाच गट पाडायचे आणि रोज एक गट पळवायचा, सोमवार ते शुक्रवार. ज्या वारी पळाला तेच घोड्याचं आडनाव. म्हणजे सोमवारचा पहिला, सोमवारचा दुसरा, असे सगळे. शुक्रवारी संध्याकाळी आपल्याकडे पाच विजेते असतात आणि त्यांच्यात थोर कोण, याचा पत्ता नसतो. दहावीच्या पाच तुकड्यांत पाच पोरं पहिली यावीत आणि पाचही घरांत पेढे वाटले जावेत, तशातली गत. ड तुकडीतल्या पहिल्याने अ तुकडीतल्या चौथ्याशी कधी पेपर ताडून पाहिलेलाच नसतो.

शनिवारी या पाच विजेत्यांची शर्यत लावायची. समजा निकाल असा लागला: बुधवारचा पहिला सर्वांच्या पुढे, त्याच्यामागे सोमवारचा, मग शुक्रवारचा, मग गुरुवारचा आणि शेवटी मंगळवारचा. बुधवारचा घोडा पंचवीसांत पहिला, हे आता पक्कं. प्रत्येक गटाचा सर्वोत्तम त्याने हरवला, तेव्हा बाकीच्यांची काय कथा!

इथवर सगळे येतात, आणि इथेच घाईला आलेला माणूस बक्षीस समारंभ उरकून घेतो. सोमवारचा दुसरा आलाय ना, द्या त्याला रुपेरी करंडक. शुक्रवारचा तिसरा, त्याला कांस्य. फोटो काढा, चहा सांगा.

पण बुधवारी दुसऱ्या आलेल्या घोड्याचं काय? तो बिचारा हरला एकदाच, आणि हरला तोही पंचवीसांतल्या सर्वांत वेगवान घोड्याकडून. तो सोमवारच्या पहिल्यापेक्षा वेगवान असू शकतो. त्या दोघांची गाठच पडलेली नाही. सोमवारी पळाला असता तर कदाचित हार घालून फिरला असता. वार चुकला, एवढाच त्याचा गुन्हा.

हा अन्याय नेमका किती वेळा होईल, तेही मोजता येतं. गट चिठ्ठ्या टाकून पाडले, तर पहिल्या क्रमांकाच्या घोड्याच्या गटात उरलेल्या २४ पैकी चार घोडे येणार. त्यांत खरा दुसरा असण्याची शक्यता २४ त ४, म्हणजे सहात एक. म्हणजे सहांपैकी एका समारंभात रुपेरी करंडक चुकीच्या घोड्याला जाणार. तिसऱ्या बक्षिसापर्यंत गेलं तर प्रकरण आणखी बिघडतं. खरे पहिले तीन घोडे तीन वेगळ्या गटांत पडले, तरच शनिवारचा निकाल बरोबर ठरतो आणि त्याची शक्यता आहे ४६ त २५. निम्म्याहून किंचित बरी. बाकीच्या वेळी कुणी ना कुणी बुधवारचा दुसरा पागेत उभा राहून समारंभाचा बँड ऐकत असतो.

या दुःखाची जाहीर दखल घेणारा एक गृहस्थ होऊन गेला. चार्ल्स डॉजसन हे त्याचं नाव, पण जग त्याला लुईस कॅरल म्हणून ओळखतं. ॲलिसच्या गोष्टी लिहिणारा हा माणूस पेशाने ऑक्सफर्डचा गणिती. लॉन टेनिसच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांत दुसरं बक्षीस चुकीच्या खेळाडूला जातं म्हणून १८८३ साली त्याने चक्क एक पुस्तिका छापली. ३२ खेळाडू असले तर खरोखरीच्या दुसऱ्या खेळाडूला दुसरं बक्षीस मिळायची शक्यता ३१ त १६ एवढीच, कारण तो पहिल्याच्या अर्ध्यात पडला की अंतिम सामन्याआधीच घरी जातो. सशाच्या बिळातून पोरीला पाताळात नेणाऱ्या माणसाला उपान्त्य फेरीत हरलेल्याचं दुःख समजावं, याचं मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे नियम पाळूनच वेडेपणा चालतो.

तेव्हा सातवी शर्यत हवी, रविवारची. तीत कोण पळणार हे ठरवणं हा कोड्यातला सर्वांत गोड भाग, आणि तो घोडे न पळवता, नुसतं खाटेवर पडून करता येतो. कसोटी एकच: ज्याच्या पुढे तीन घोडे आहेत हे सिद्ध झालं, तो बाद. मंगळवारचा पहिला शनिवारी शेवटी आला, म्हणून त्याचा अख्खा गट गेला. त्या गटातल्या बाकीच्या चौघांनी शनिवारी मैदानाचं तोंडही पाहिलं नव्हतं. पुढारी पडला आणि कार्यकर्ते घरी बसले. गुरुवारच्या गटाचंही तेच. शुक्रवारचा पहिला अजून तिसरा येऊ शकतो, पण शुक्रवारचा दुसरा नाही, कारण त्याच्यापुढे शुक्रवारचा, सोमवारचा आणि बुधवारचा असे तीन पहिले उभे आहेत. सोमवारचे पहिले दोन राहतात, तिसरा जातो. बुधवारच्या गटातला पहिला तर निश्चितच झाला, त्याच्यामागचा दुसरा आणि तिसरा राहतात, चौथा जातो.

आता मोजा. बुधवारचे दुसरा आणि तिसरा, सोमवारचे पहिला आणि दुसरा, शुक्रवारचा पहिला. बरोबर पाच! जागा पाच आणि उमेदवारही पाच, असा योग आपल्याकडे एसटीतसुद्धा येत नाही. हे पाच रविवारी पळवायचे. त्यांतले पहिले दोन हे एकूणातले दुसरा आणि तिसरा. बुधवारचा पहिला मात्र त्या दिवशी पागेत चंदी खात उभा. आठवड्याच्या कामगिरीत ज्याला खरीखुरी रविवारची सुट्टी मिळाली असा विजेता तो एकटाच.

सहांत भागणारच नाही का, हा प्रश्न मुलाखत घेणारे सहसा विचारत नाहीत, कारण तो त्यांच्यावरच उलटण्याची भीती असते. उत्तर मात्र सरळ आहे. पहिला घोडा पक्का करायचा तर बाकीच्या २४ जणांनी निदान एकेकदा हरलं पाहिजे. एका शर्यतीत नव्याने हरणारे जास्तीत जास्त चार. चोवीस भागिले चार, सहा. म्हणजे नुसता पहिला शोधायलाच सहाच्या सहा शर्यती लागतात, आणि त्याही काटकसरीने. एकदा हरलेला घोडा पुन्हा पळवला की एक जागा वाया गेली आणि हिशेब तुटला. आता अडचण बघा. शेवटच्या शर्यतीत आधी एखादी शर्यत जिंकून आलेला घोडा असणारच, आणि तोच सगळ्यांत पहिला निघू शकतो. मग त्याच्या आधीच्या शर्यतीत त्याच्यामागे दुसरा आलेला घोडा पुन्हा पळालेला नाही, कारण हरलेल्याला पळवायची चैन सहांत परवडत नव्हती. तो आणि शेवटच्या शर्यतीतला दुसरा यांत सरस कोण, हे कुणीच सांगू शकत नाही. गट कसेही पाडा, बुधवारचा दुसरा तिथे हजर आहेच.

यातली मला सर्वांत आवडणारी गंमत अशी, की सातवी शर्यत खरं तर दुसऱ्या क्रमांकासाठीच लागते. तेवढ्यासाठी बुधवारचा दुसरा आणि सोमवारचा पहिला असे दोनच घोडे पुरले असते. उरलेल्या तीन जागा रिकाम्या जायच्या त्या तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी भरल्या. तिसरं बक्षीस फुकटात पडलं.

पुण्याचा पावसाळी रेसचा सीझन चुकवायचा नाही, असा नेम असलेल्या आमच्या शेजारच्या काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अहो, हे कोडं घालणारा रेसकोर्सवर गेलेला दिसत नाही,” ते म्हणाले. “हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. सगळे एकदम पोचावेत, अशी हँडिकॅपरची धडपड असते. तुम्ही म्हणताय तेच कुणाला कळू नये म्हणून तो माणूस पगार घेतो. आणि हजार मीटरचा राजा महालक्ष्मीच्या डर्बीत चोवीसशे मीटर पळवलात, तर शेवटून मोजायला लागेल.”

“काका, पण कोड्यातले घोडे—”

“कोड्यातले घोडे लीद टाकत नाहीत, माहितीय मला,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पण तुमचा तो बुधवारचा दुसरा बरोबर आहे हो. घोडा कितवा आला हे नवखा बघतो. आम्ही बघतो, कुणाच्या मागे आला आणि किती मागे. भारी घोड्याच्या मागे मानेच्या अंतराने हरलेला पुढच्या रेसला जरूर बघून ठेवावा.”

“कोड्यात अंतर मोजत नाहीत. नुसता क्रम.”

“मग तुमचे लोक गरीब आहेत,” काका म्हणाले. “बरं, आमच्याकडे चौथ्यालाही पैसे असतात. तुमचा चौथा कोण?”

हे मला आधी सुचलं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसलो. रविवारी सोमवारचा पहिला आणि बुधवारचा दुसरा हे दोघे पुढे आले, कुठल्याही क्रमाने, तर चौथा आयताच सापडतो. रविवारी जो तिसरा तोच. पण सोमवारचा पहिला आणि त्याच्यामागे शुक्रवारचा पहिला असे आले, तर पुन्हा घोळ. शुक्रवारचा दुसरा, ज्याला आपण तीन घोडे पुढे आहेत म्हणून काढून टाकलं होतं, तो आता चौथेपणाचा दावा घेऊन उभा राहतो. गुरुवारचा पहिलाही उभा राहतो, शनिवारी चौथा आला म्हणून ज्याला गटासकट घरी धाडलं होतं तो. आणि रविवारचा तिसरा तर आहेच. या तिघांसाठी आठवी शर्यत लावावी लागते, सोमवारी सकाळी. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, शुक्रवारच्यावर लावा, त्याने दोन दिवस आराम केलाय.