हरमलच्या सहलीचे सक्तीचे ऐच्छिक निमंत्रण

प्रति,
माननीय अध्यक्ष, आनंद समिती
(कंपनीचे नाव लिहीत नाही. डिचोलीपासून तुयेपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत आनंद समित्या पुष्कळ आहेत; ज्यांना आपली वाटेल त्यांनी आपली समजावी.)

स.न.वि.वि.

हरमलच्या सहलीचे आपले निमंत्रण व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचले. ग्रुपवरचा मजकूर दोन दिवसांत वर सरकून जातो, आणि हा सरकू देण्यासारखा नाही, म्हणून उतरवून ठेवतो. "माझ्या लाडक्या फॅमिली! रविवारी, १९ एप्रिलला, चलो हरमल! सकाळी ७ वाजता गेटवर हजर. सगळ्यांनी येवपाकूच जाय! नो एक्स्क्यूज! जे येणार नाहीत त्यांनी कारणासह इथेच कळवावे. आणि हो, जबरदस्ती कोणावरच नाही." शेवटी तीन हसरे चेहरे. त्याखाली लगेच जनरल मॅनेजरसाहेबांचा अंगठा आणि त्यांचे एक वाक्य: "शंभर टक्के उपस्थिती बघायला आवडेल."

इतक्या थोड्या जागेत लाड, हुकूम, चौकशी आणि जामीन असे चारही प्रकार बसवणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

आपण 'कारणासह' असे म्हटल्यावर ग्रुपवर जे घडले ते आपण पाहिलेच, पण अध्यक्षपदाच्या उंचीवरून ते कदाचित गमतीचे दिसले असेल. पॅकिंगमधला आपला सहकारी शिरगावच्या लईराईचा धोंड आहे. जत्रा तोंडावर आली आहे, तो सोवळ्यात आहे, बाहेरचे खात नाही. हे त्याने कधी कोणाला मुद्दाम सांगितले नव्हते. देवीचे व्रत ही काही हजेरीपटावर लिहायची गोष्ट नव्हे. आपण कारण मागितले म्हणून त्याने अडतीस जणांसमोर लिहिले. त्यावर उत्तर आले, "मग तुझ्यासाठी व्हेज सांगतो ना!" व्हेजने त्याची अडचण सुटत नाही, हे समजावून सांगण्यासाठी त्याला आणखी दोन निरोप लिहावे लागले. तोवर कोणीतरी विचारले होते, "पाण्यात उतरायला तरी चालतं ना?"

दोडामार्गहून रोज येणारी स्टोअरमधली बाय म्हणाली, घरी सासू अंथरुणाला खिळली आहे, रविवारीच तेवढी नणंदेची सुटका करता येते. तिला सुचवण्यात आले की एक दिवस नणंदेला थांबवून घे. पेडण्याकडच्या ड्रायव्हरचे काजूचे भाट आहे. एप्रिलमध्ये बोंडे रोज पडतात आणि रोजच वेचावी लागतात, पडून राहिली की कुजतात, आणि आठवडाभर नोकरी करणाऱ्याला त्यासाठी पुरा दिवस मिळतो तो रविवारीच. त्याला म्हणे येताना हुर्राक घेऊन ये.

आपल्या मनात काही वाईट नव्हते हे मला ठाऊक आहे. सगळ्यांना बरोबर न्यायची हौस होती, म्हणून समोर आलेल्या प्रत्येक अडचणीवर आपण तोडगा काढत गेलात. पण कारण मागितले की हेच होते. मागणारा ते ऐकून गप्प बसू शकत नाही. तो ते तपासतो, तोलतो आणि सोडवायला घेतो. मग नकार ही माहिती राहत नाही, ती सौदेबाजी होते. आणि या सौद्यात सगळ्यात जास्त तोटा होतो तो ज्याच्यापाशी दाखवण्यासारखे कारण नाही त्याचा.

असा एकजण आपल्याकडे आहे. लॅबमध्ये बसतो, काम चोख, बोलणे मोजके. सहा दिवस माणसांत राहिल्यावर सातव्या दिवशी त्याला माणसे नको असतात, एवढेच त्याचे कारण. ते ग्रुपवर लिहिता येत नाही. म्हणून त्याने मामेभावाचा साखरपुडा लिहिला. गेल्या वर्षी मये तलावाच्या वेळीही साखरपुडाच होता. मामेभावाला आता मुले असावीत. एका सरळ माणसाला वर्षातून एकदा खोटे बोलायला लावण्याची ही सोय आपल्या दोन शब्दांनी झाली आहे.

आता आपल्या शेवटच्या वाक्याकडे वळतो, "जबरदस्ती कोणावरच नाही." हे लिहिल्यावर आपल्याला अगदी निर्धास्त वाटले असेल. याच वाक्यावर फ्रान्समध्ये प्रयोग झालेला आहे. गेगाँ आणि पास्कुआल या दोघा संशोधकांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बसच्या तिकिटापुरते पैसे मागायचे. नुसते मागितले तर शंभरातल्या दहांनी दिले. "द्यायचे की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे" एवढे जोडले तर जवळजवळ अठ्ठेचाळीस जणांनी दिले. म्हणजे 'मर्जी तुमची' हे शब्द समोरच्याला मोकळे करतातच असे नाही. पुष्कळदा ते होकार काढून घेण्याचेच उत्तम साधन ठरतात. आणि तिथे मागणारा रस्त्यावरचा परका होता. इथे मागणाऱ्यांच्या रांगेत पगारवाढीच्या कागदावर सही करणारे साहेब अंगठा वर करून उभे आहेत. तेव्हा ते वाक्य आपण काढून टाकले तरी चालेल. मोकळीक बोलून दाखवण्यापेक्षा तिची व्यवस्था करावी लागते.

आग्रह करण्यात वाईट काय, असे आपण विचाराल. काहीच नाही. लग्नपत्रिकेत आपण सगळेच छापतो की हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे, अगत्य येण्याचे करावे. पण त्या पत्रिकेला कोणी उत्तर देत नाही. गेलो तर जेवून येतो, नाही गेलो तर भेट होईल तेव्हा "जमलं नाही हो" म्हणतो, आणि यजमान जास्तीत जास्त लटके रागावतो. त्याच्या हातात माझी बढती नसते. तो आग्रह शोभतो तो यासाठी. आपण पत्रिकेतला आग्रह तेवढा उचललात आणि तिथली गप्प राहण्याची सवलत मांडवातच विसरून आलात.

गाडी आणि जेवण सांगायचे तर आकडा लागतो, हे मान्य. आचाऱ्याला अंदाजावर सोडता येत नाही. पण आकडा येणाऱ्यांचा लागतो, न येणाऱ्यांचा नाही. आपण मात्र ग्रुपवर मतदान टाकलेत. त्यात कोणी काय निवडले ते नावासकट सगळ्यांना दिसते. त्यावर गुरुवारी स्मरणपत्र: "३१ जणांचे हो आले, ७ जण कुठे हरवले?" माझ्या मते सगळा दाब या दुसऱ्या निरोपात असतो. पहिले निमंत्रण कितीही मऊ लिहा. बाकी राहिलेल्यांना मोजून दाखवणारी एक ओळ आली की त्या सात जणांना कळते की मोजणी चालू आहे. सातांतले चार शुक्रवारी 'हो' झाले. आपण त्याला उत्साह म्हणालात.

आणखी एक राहिले. निमंत्रणात निघायची वेळ आहे, परतायची नाही. हरमलहून डिचोलीला यायचे तर म्हापशाला गाडी बदलावी लागते, आणि रविवारी संध्याकाळी बस भेटणे नशिबावर. आपल्या गाडीतून गेलेला माणूस आपली गाडी सुटेपर्यंत अडकलेला असतो. मग जो दोन तास आनंदाने आला असता तो अख्ख्या दिवसाच्या भीतीने येतच नाही. जेवण काय, दारू असणार का, पैसे कोण भरणार, आणि मुख्य म्हणजे गेल्या वर्षीसारखे नव्या माणसाला मध्ये उभे करून नाचायला लावणार का, यातले काहीच लिहिलेले नाही. गप्प माणसाला सहलीपेक्षा या न लिहिलेल्या गोष्टींची धास्ती जास्त असते.

नुसती टीका करणे बरे नव्हे म्हणून पर्यायी मजकूर सोबत देत आहे. साहित्यगुणांत तो आपल्या पासंगालाही पुरणार नाही.

"रविवार, १९ एप्रिलला हरमलला सहल आहे. गाडी सकाळी ८ वाजता गेटवरून सुटेल, संध्याकाळी ६ पर्यंत डिचोली बसस्टँडवर परत येईल. फक्त जेवणापुरते, १ ते ३, आपल्या वाहनाने आलात तरी चालेल. खर्च कंपनीचा. जेवणात मासळी आणि शाकाहारी दोन्ही. दारू नाही. खेळ ठेवले आहेत, ते ज्यांना खेळायचे त्यांच्यासाठी. बाकीच्यांना समुद्र आहे. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी विचारू. ज्यांना यायचे आहे त्यांनी मंगळवारपर्यंत समितीच्या नंबरवर 'येतो' किंवा 'येते' एवढेच कळवावे. इतरांनी काहीच कळवायचे नाही. आलात तर बरे वाटेल."

यात 'येणार नसाल तर कळवा' हे मुद्दाम गाळले आहे. नकारासाठी एक शब्दही टाइप करावा लागला की त्यामागे दुसरा शब्द लिहावासा वाटतो, आणि दुसऱ्या शब्दापासून मामेभावाचा साखरपुडा फार लांब नसतो. शेवटचे वाक्य मात्र ठेवले आहे आणि ते एकदाच आहे. ते काढले तर कागद रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वाचला जाईल, आणि लॅबमधल्या माणसाला वाटेल की आपण नाही आलो तरच बरे. त्याला गृहीत धरून वगळणे हाही दाबाचाच भाऊ. "तो येतच नाही, त्याला कशाला विचारा" असे आपण एकदा म्हणाला होतात. प्रत्येक वेळी विचारा, सगळ्यांना विचारता त्याच शब्दांत विचारा, आणि तो आला तर "अरे, तू आणि इथे!" असे ओरडू नका.

मजकूर साहेबांच्या नावाने जाऊ नये, आणि साहेबांनी खाली काही लिहू नये. अंगठासुद्धा नको. त्यांना आनंदच व्यक्त करायचा असेल तर जेवणाचे बिल आहे.

असे निमंत्रण गेल्यावर ३५ चे कदाचित २२ होतील. अहवालात ते वाईट दिसेल हे मला कळते. पण संघभावना वाढवणे हे कंपनीचे काम आहे असे अहवालच म्हणतो, तर ते काम कामाच्या वेळेत करून बघायला हरकत नाही. एखाद्या बुधवारी दुपारी दोन तास, मये तलावाच्या काठी, पाचच्या आत सगळे आपापल्या बसला. स्टोअरमधली बाय त्या दिवशी येऊ शकेल. सक्ती ताणली की काय होते तेही बघा. फ्रान्समध्ये कंपनीच्या पिण्या-खाण्याच्या 'मजेत' सामील न होणाऱ्याला कामावरून काढून टाकले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला. आपल्याकडे एवढ्यावर कोणी कोर्टात जात नाही. आपल्याकडे साखरपुडे होतात.

माझ्याविषयी विचाराल तर मी १९ तारखेला येणार आहे. मला समुद्र आवडतो. ग्रुपवर 'हो' लिहिलेले नाही, हेच कळवणे समजावे.

आपला,
लेखा विभाग

ता.क. सोमवारी सकाळी चहाच्या वेळी "काल कुठे होतास?" हा प्रश्न समितीच्या कोणाही सदस्याने विचारू नये, असा ठराव पुढच्या बैठकीत मांडावा. अनुमोदन मी देईन. बैठक सक्तीची आहे ना?